रेकॉर्डवर एक नाव, अ‍ॅपवर दुसरं: गायिकेची ओळख पक्की कशी करायची

प्रश्न: वडिलांच्या ७८ च्या जुन्या रेकॉर्डची यादी करतोय. 'महल'च्या एका रेकॉर्डवर गायिका 'कामिनी' लिहिलंय, अ‍ॅपवर तेच गाणं लता मंगेशकरांचं आहे. एकीवर सुलोचना कदम, अ‍ॅपवर सुलोचना चव्हाण. आणि जोहराबाईच्या दोन रेकॉर्ड आहेत त्या अ‍ॅपवर एकाच पानावर दिसतात, फोटोपण एकच. यादीत खरं नाव कुठलं धरू? जुन्यावर विश्वास ठेवू की नव्यावर?

उत्तर:

तुमच्या तिन्ही रेकॉर्ड वरवर सारख्या भानगडीच्या वाटतात पण तिन्हींचा आजार वेगळा आहे. पहिल्यात गायिकेचं नावच छापलेलं नाहीये, पात्राचं छापलंय. दुसरीत नाव बरोबर आहे, फक्त ते पुढे बदललं. आणि तिसरीत दोन बायका आहेत ज्यांना अ‍ॅपने एक करून टाकलंय. त्यामुळे 'जुनं खरं की नवं खरं' याला एक उत्तर नाही. पहिल्यात अ‍ॅप बरोबर आहे, दुसरीत दोघंही बरोबर, तिसरीत अ‍ॅप चूक.

आधी यादीच्या रकान्यांचं बोलू, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. तुम्ही 'गायक' असा एकच रकाना केला असणार आणि आता त्यात कुठलं नाव घालू म्हणून अडलाय. तो रकाना तोडा. एका रकान्यात लेबलवर जे छापलंय ते जसंच्या तसं, अगदी स्पेलिंगच्या चुकीसकट, 'मिस' 'मास्टर' 'बाई' 'जान' जे काय असेल त्याच्यासकट. दुसऱ्यात तुमच्या मते ही व्यक्ती कोण, आणि तिथे ती व्यक्ती ज्या नावाने सगळ्यांना माहितीय ते एकच नाव कायम वापरायचं, म्हणजे शोधताना सगळं एका जागी येईल. तिसऱ्यात हे कशावरून ठरवलं. जन्मनाव वगैरे हवंच असेल तर ते रेकॉर्डच्या ओळीत घालायचंच नाही, ते व्यक्तीच्या वेगळ्या कार्डावर.

मोठ्या डेटाबेसमध्येही साधारण हीच युक्ती असते. म्युझिकब्रेन्झवर कलाकाराचं एक पान असतं आणि प्रत्येक रेकॉर्डपुरतं 'इथे या नावाने श्रेय दिलंय' हे वेगळं लिहिता येतं. डिस्कॉग्जवर एकाच माणसाच्या नावाचे छापील प्रकार वेगळे ठेवतात आणि एकाच नावाची दोन माणसं असली की नावापुढे कंसात २, ३ असा आकडा लावतात. गाणी ऐकायच्या अ‍ॅपवर मात्र आपल्याला दिसतं ते एकच नाव, कंपनीने गाण्याबरोबर जे टाइप करून पाठवलं ते. त्यामुळे अ‍ॅपवरचं नाव म्हणजे कुणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय आहे, आणि तो कशावरून घेतला ते तिथे लिहिलेलं नसतं.

लेबलही देववाणी नाही हं. लेबल एवढंच सांगतं की त्या दिवशी कंपनीने हे नाव छापलं. छापखान्याच्या चुका असतात, दोन बाजूंची लेबलं उलटी चिकटवलेल्या रेकॉर्डही मी पाहिल्यात, म्हणून वाजवून बघितल्याशिवाय ओळ भरू नका.

आता 'कामिनी'.

'महल' १९४९ चा, बॉम्बे टॉकीजचा, दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश. मधुबालाच्या पात्राचं नाव कामिनी. लेबलवर गायिका म्हणून एकच नाव, आडनाव नाही, मिस नाही, बाई नाही आणि तेच नाव सिनेमातल्या पात्राचं, एवढं दिसलं की पहिला संशय हाच घ्यायचा की हे पात्राचं नाव आहे. त्या काळी असं छापणं फार नवलाचं नव्हतं, कारण बोलपटाच्या सुरुवातीला नट स्वतःच गायचे, मग पार्श्वगायन आलं तरी पडद्यावर जो गातोय त्याचंच गाणं असा हिशोब काही वर्षं राहिला. 'आयेगा आनेवाला' रेडिओवर लागायला लागलं तेव्हा गायिका कोण म्हणून श्रोत्यांनी विचारणा सुरू केली, आणि रेकॉर्ड कंपनीकडून नाव घेऊन ते रेडिओवर सांगितलं गेलं. हा किस्सा खुद्द लताबाईंनी अनेकदा सांगितलाय.

पण किस्सा हा पुरावा म्हणून जरा सैल असतो, आणि तुमच्या हातात रेकॉर्ड आहे, तर तिच्यावरचा पुरावा घ्या. लेबल आणि खाचा यांच्यामध्ये जो गुळगुळीत चकचकीत पट्टा असतो तिथे बारीक आकडे-अक्षरं उमटलेली किंवा कोरलेली असतात. टॉर्च वरून मारू नका, आडवा धरा म्हणजे सावलीने अक्षर उठतं. हा मॅट्रिक्स नंबर. लेबलवर मोठा छापलेला असतो तो कॅटलॉग नंबर, तो बहुधा दोन्ही बाजूंना एकच असतो कारण तो विकायच्या वस्तूचा नंबर आहे. मॅट्रिक्स नंबर प्रत्येक बाजूचा वेगळा, कारण तो त्या रेकॉर्डिंगचा आहे. काही लेबलांवर तो बारीक टायपात छापलेलाही असतो पण मी पट्ट्यावरचाच धरतो.

आता याचा उपयोग बघा. तेच गाणं नंतर लता मंगेशकर या नावाने निघालेलं असेल आणि त्या छपाईवरही तोच मॅट्रिक्स नंबर असेल तर प्रश्न संपला, एकाच रेकॉर्डिंगला दोन नावं लागली एवढाच अर्थ उरतो. दोन नावांमधला याच्याइतका भक्कम पूल दुसरा नाही. नंबर नुसता मूळ आकडा जुळतोय का आणि पुढे जोडलेला टेकचा आकडा जुळतोय का हे दोन्ही बघा, कारण गाणं पुन्हा गाऊन घेतलं की मूळ नंबर तोच ठेवून टेकचा आकडा बदलायची पद्धत होती.

नंबर जुळवायला दुसरी छपाई मिळाली नाही तर कानाने जुळवायचं, पण इथे एक खड्डा आहे. सिनेमातलं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं हे एकच असेल असं धरून चालू नका. दहा इंची ७८ च्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं बसतात, म्हणून लांब गाणं कापावं लागायचं नाहीतर रेकॉर्डसाठी वेगळं गाऊन घ्यायचे, आणि वेगळं गाताना कधीकधी गायिकाच वेगळी असायची! 'अनोखा प्यार' (१९४८, संगीत अनिल विश्वास) हे ठळक उदाहरण. सिनेमात मीना कपूरचा आवाज आणि तीच गाणी रेकॉर्डवर लताच्या आवाजात. म्हणजे सिनेमा बघून रेकॉर्डचं नाव 'दुरुस्त' केलंत तर बरोबर असलेली नोंद तुम्ही स्वतःच्या हाताने चूक कराल. म्हणून जुळवायचं ते रेकॉर्डचं रेकॉर्डशी. सुरुवातीचं म्युझिक, कुठल्या शब्दावर श्वास घेतलाय, एखादी हरकत कुठे आहे, शेवट कसा केलाय अशा चार-पाच जागा धरून दोन्ही ऐका. आवाज ओळखीचा वाटतो यावर जाऊ नका, १९४८-४९ च्या लताच्या आवाजावर त्या वेळच्या गायकीची छाप आहे आणि भलेभले फसतात. टर्नटेबलचा वेग जरा पुढेमागे असला तरी आवाज वेगळाच भासतो.

दुसरी गोष्ट, 'कामिनी म्हणजे लता' हे समीकरण सापडलं म्हणून 'महल'च्या सगळ्या बायकांच्या गाण्यांना लावत सुटू नका. त्याच सिनेमात राजकुमारीची गाणी आहेत आणि 'ये रात फिर न आयेगी' हे जोहराबाई अंबालेवाली आणि राजकुमारीचं आहे. समीकरण त्या लेबलपुरतं, त्या बाजूपुरतं. दुसऱ्या कुठल्या सिनेमाच्या रेकॉर्डवर 'कामिनी' दिसली तर पुन्हा पहिल्यापासून.

तर तुमची ओळ अशी होईल: लेबलवर 'कामिनी', व्यक्ती लता मंगेशकर, कशावरून तर पात्राचं नाव + अमुक छपाईशी मॅट्रिक्स जुळतो (किंवा कानाने जुळवलं, जे केलं असेल ते). 'कामिनी' खोडायचं नाही. उद्या कुणी विचारलं की गायिकेचं नाव लपलेल्या पहिल्या छपाईची प्रत कुणाकडे आहे, तर तुमच्याकडे आहे हे त्या एका शब्दावरूनच कळणार.

आणि 'खरं नाव' म्हणाल तर इथेच त्याची पंचाईत कळते. लताबाईंचं जन्मावेळचं नाव हेमा, नंतर वडिलांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून लता झालं. आडनाव मंगेशकर हेही मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून घेतलेलं. मग खरं नाव म्हणून यादीत 'हेमा' लिहिणार का? काही उत्साही लोक लिहितात आणि मग ती नोंद कुणालाही सापडत नाही. शिवाय याच बाईंनी मराठी सिनेमांना 'आनंदघन' नावाने संगीत दिलं, आणि 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा ते उघड झालं. त्या रेकॉर्डवर गायिका लता मंगेशकर आणि संगीतकार आनंदघन अशी दोन नावं असतील तर दोन्ही तशीच लिहायची, व्यक्तीच्या रकान्यात दोन्हीकडे एकच नाव येईल आणि तेच बरोबर आहे. म्हणून मी 'खरं नाव' हा शब्दच वापरत नाही. छापलेलं नाव, ओळखीचं नाव, जन्मनाव असे तीन शब्द वापरा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. बालगंधर्वांच्या रेकॉर्डपुढे नारायण श्रीपाद राजहंस लिहून काय साधणार? कार्डावर असू द्या.

आता सुलोचना. ही सगळ्यात सोपी पण हिच्यातही एक फसवी जागा आहे.

सुलोचना कदम नावाने त्यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटापासून हिंदी सिनेमात गायलंय, 'ढोलक' (१९५१, संगीत श्यामसुंदर) मधली गाणी तर अजून ऐकली जातात. १९५३ मध्ये श्यामराव चव्हाणांशी लग्न झालं आणि पुढे लावणीने ज्यांना घरोघर पोचवलं त्या सुलोचना चव्हाण याच. 'सवाल माझा ऐका' (१९६४) मधलं 'सोळावं वरीस' ज्यांच्या आवाजात आहे त्या. पद्मश्री २०२२ मध्ये याच नावाने. तर अ‍ॅपने 'ढोलक'च्या गाण्याला चव्हाण लावलं असेल तर माणूस बरोबर आहे, फक्त त्या रेकॉर्डवर ते छापलेलं नव्हतं. ओळख पक्की करायला इथे मॅट्रिक्सची गरज नाही, कारण दोन नावांचा पूल त्यांनी स्वतःच बांधलाय, मुलाखतींत दोन्ही काळ त्यांनी सांगितलेत. कलाकाराने स्वतः, नाव छापून, 'ते मीच' म्हटलेलं असलं की ते मी पहिल्या दर्जाचं धरतो.

फसवी जागा अशी, की लग्नाचं साल कळलं की लोक त्याचा कोयता करतात. १९५३ च्या आधीचं सगळं कदम, नंतरचं सगळं चव्हाण. तसं होत नाही. आधी रेकॉर्ड झालेलं गाणं नंतर बाजारात येतं, जुनी रेकॉर्ड पुन्हा छापताना जुनंच नाव राहतं नाहीतर नवं घालतात, आणि काही कलाकार लग्नानंतरही काही काळ जुन्याच नावाने गातात. म्हणजे नावावरून साल काढू नका आणि सालावरून नाव भरू नका. लेबल वाचा. बहुतेक ७८ च्या लेबलांवर साल नसतंच त्यामुळे मोह होतो हे मला माहितीय. गंमत म्हणजे गीता रॉयची गीता दत्तही १९५३ मध्येच झाली, आणि माणिक दादरकरांच्या माणिक वर्मा, अख्तरीबाई फैजाबादींच्या बेगम अख्तर, ही सगळी याच जातीची प्रकरणं. अख्तरीबाईंचं तर नाव बदलण्याबरोबर संग्रहात दोन वेगळ्या बायका तयार झाल्यात असं मी बघितलंय, एकीकडे तरुण वयातल्या रेकॉर्ड आणि दुसरीकडे नंतरच्या, आणि मधला दुवा कुणी टाकलाच नाही.

आणि नुसतं 'सुलोचना' एवढंच छापलेलं दिसलं तर तिथे थांबा. सुलोचना नावाने मूकपटांपासून गाजलेली नटी म्हणजे रूबी मायर्स, मराठी-हिंदी सिनेमातल्या सुलोचना लाटकर वेगळ्या, शास्त्रीय गाणाऱ्या सुलोचना बृहस्पती आणखी वेगळ्या. आडनाव नसलेली ओळ कुठल्या सुलोचनेची हे सिनेमा, साल, गाण्याचा प्रकार बघूनच ठरतं, आणि नाही ठरलं तर व्यक्तीचा रकाना रिकामा ठेवायचा. कामिनीच्या प्रकरणात शिकलेलं इथेही लागू आहे, पडद्यावर सुलोचना असली म्हणून गाणारी सुलोचना असेलच असं नाही.

आता जोहराबाई. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जोहराबाई दोन. एक आग्रेवाली, आग्रा घराण्याच्या मोठ्या गायिका, १९१३ मध्ये वारल्या. दुसऱ्या अंबालेवाली, जन्म १९१८, 'रतन' (१९४४, संगीत नौशाद) मधलं 'अंखियां मिलाके' त्यांचं. म्हणजे पहिली गेल्यावर पाच वर्षांनी दुसरी जन्मली. दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, तरी 'जोहराबाई' एवढंच टाइप केलं की मशीन दोघींना एकत्र करतं, मग एकीचा फोटो दोघींना, आणि ख्याल गाणारी बाई खाली 'रतन' गायला लागते.

मी पूर्वी एका संग्रहाची यादी करत होतो, तेव्हा स्पेलिंगचे प्रकार एक करायचं खूळ डोक्यात होतं. झोहराबाई, जोहराबाई, झोराबाई, सगळं 'जोहराबाई' करून टाकलं आणि मागचं 'आग्रेवाली', 'ऑफ आग्रा' वगैरे हे गावाचं वर्णन आहे म्हणून काढून टाकलं. नीटनेटकं दिसत होतं एकदम. मग दोन महिन्यांनी लक्षात आलं की दोघी एक झाल्यात आणि मूळ लेबलवर काय होतं ते मी लिहूनच ठेवलं नव्हतं, त्यामुळे परत प्रत्येक रेकॉर्ड पाकिटातून काढून बघावी लागली. त्या पिढीच्या बाबतीत गावाचं नाव हे वर्णन नाही, तेच आडनाव आहे. मलकाजान नावाच्या तर इतक्या होत्या की गौहरजानच्या आईला 'बडी मलकाजान' म्हणायचे, आणि आग्रेवाली मलकाजान वेगळी. शेपूट कापलं की माणूस हरवला.

दोघींना वेगळं कसं करायचं? इथे नाव बघूच नका, आधी काय अशक्य आहे ते बघा. भारतातला पहिला बोलपट 'आलमआरा' १९३१ चा. आग्रेवाली त्याच्या अठरा वर्षं आधी गेलेल्या. म्हणून लेबलवर कुठल्याही सिनेमाचं नाव असेल तर ती आग्रेवाली असूच शकत नाही, संपलं. उलट बाजूने, मायक्रोफोनवरून इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग १९२५ पासून सुरू झालं, त्याआधी भोंग्यात तोंड घालून गायचे. भोंग्याची रेकॉर्ड ऐकली की लगेच कळते, खालचे सूर जवळजवळ नाहीत, तबला टकटक असा लांबून येतो, 'स' 'श' नीट फुटत नाहीत, आणि गायिका सगळा वेळ मोठ्या आवाजात गातेय कारण हळू गायलेलं सुईपर्यंत पोचतच नसे. भोंग्याची रेकॉर्ड असेल तर ती अंबालेवाली नाही, कारण त्या काळी त्या लहान मूल होत्या. फक्त हे ऐकताना मूळ रेकॉर्ड ऐका, कारण अ‍ॅपवरची 'साफ केलेली' प्रत इतकी घासलेली असते की १९३० चीही कधीकधी भोंग्यासारखी वाटते.

तुमच्या दोनपैकी एकीवर सिनेमाचं नाव असेल आणि दुसरीवर रागाचं किंवा ठुमरी-गझल असं काही असेल तर काम जवळपास झालंच. जवळपास म्हटलं कारण अंबालेवालींनीही सिनेमाबाहेरचं गायलंय, त्यामुळे 'सिनेमा नाही म्हणजे आग्रेवाली' असं उलटं चालत नाही. सिनेमा असणं हा पुरावा आहे, नसणं हा नाही. तिथे रेकॉर्डिंगची जात ऐकायलाच लागते.

आणखी एक जागा आहे जी लोक विसरतात, रेकॉर्डचा शेवट. सुरुवातीच्या वर्षांत गाणं संपलं की गायिका स्वतःचं नाव ओरडून सांगायच्या. गौहरजानचं 'माय नेम इज गौहरजान' प्रसिद्ध आहे. १९०२ ला कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने रेकॉर्डिंग केलं तेव्हा छपाई व्हायची जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या माणसाला काय कळणार ही कुठली बाई, म्हणून ही सोय. कलकत्त्यात कारखाना १९०८ ला आला. आपल्या दृष्टीने ही सोन्याची खाण आहे, लेबलपेक्षा भारी, कारण गळा आणि नाव एकाच खाचेत आहे. पण नव्या प्रती करताना शेवटची ती चार सेकंदं बऱ्याचदा कापून टाकतात, गाणं संपलं म्हणून. अ‍ॅपवर ऐकून 'नाव सांगत नाही' असं ठरवू नका, सुई शेवटपर्यंत जाऊ द्या. अर्थात तिथेही गायिका तिचं गायचं नावच सांगते, गौहरजानचं जन्मनाव अँजेलिना येवर्ड होतं ते त्यात कुठे येणार.

अ‍ॅपवरच्या सालाबद्दल एक सांगून ठेवतो कारण तुम्ही ते पडताळ्याला वापराल. तिथे दिसणारं साल बहुतेक वेळा त्या संकलनाचं असतं, गाण्याचं नाही. गाण्याला जो बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड असतो त्यातही दोन आकडे सालाचे असतात, पण ते कोड दिल्याचं साल आहे. १९१० च्या गाण्याला आत्ता कोड दिला तर त्यात आत्ताचं साल येणार. मी हा कोड 'दोन पानांवर एकच फाइल आहे का' एवढं बघायला वापरतो. दोन वेगळ्या नावांखाली एकच कोड दिसला तर एकच रेकॉर्डिंग दोन नावांनी चढवलंय असा सज्जड संशय घ्यायला हरकत नाही. कोड वेगळे असले तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण तीच जुनी रेकॉर्ड दोन कंपन्यांनी वेगवेगळी साफ करून चढवली की कोड दोन होतात.

जन्मनावाच्या कार्डाबद्दल थोडं. काही गायकांनी नाव बदललं ते हौसेने नाही. के. मल्लिक हे बंगाली भक्तिगीतांत गाजलेलं नाव, माणूस मुन्शी मोहम्मद कासेम. तलत महमूदने कलकत्त्यात बंगाली गाणी तपनकुमार या नावाने गायली. अशा ठिकाणी दोन्ही नावं आता उघड आणि छापलेली आहेत त्यामुळे कार्डावर घालायला अडचण नाही. पण तपनकुमारच्या रेकॉर्डपुढे 'तलत' छापून मोकळं होऊ नका, त्या नावाने का गायलं हा त्या रेकॉर्डचाच भाग आहे. आणि एखाद्या कमी प्रसिद्ध बाईचं जन्मनाव नुसतं शेजाऱ्यापाजाऱ्याकडून ऐकलेलं असेल, तिने किंवा घरच्यांनी कधी जाहीर केलेलं नसेल, तर मी ते लिहीत नाही. गाण्यासाठी नाव बदललेल्या कित्येक बायकांना जुनं आयुष्य मागे टाकायचं होतं.

अ‍ॅपला चूक कळवायची असेल तर जोहराबाईचीच कळवा, बाकी दोन सोडून द्या, त्या चुका नाहीतच. कळवताना 'या दोन वेगळ्या आहेत' एवढं लिहून उपयोग होत नाही. दोन्ही लेबलांचे सरळ फोटो, दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स नंबर, आणि एक वाक्य की एक १९१३ ला वारल्या आणि दुसरीचं गाणं १९४४ च्या सिनेमातलं आहे. बघणाऱ्याला रागदारीतलं काही कळत नसलं तरी हे कळतं. आणि त्यांनी दुरुस्ती केली किंवा नाही केली तरी तुमच्या यादीतला लेबलचा रकाना त्याच्यासाठी बदलायचा नाही.

आज बसाल तेव्हा आधी त्या दुसऱ्या जोहराबाईची, ज्यावर सिनेमाचं नाव नाहीये तिची, दुसरी बाजू उलटून बघा. एका बाजूला नुसतं 'जोहराबाई' आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण 'आग्रेवाली' असं कधीकधी छापलेलं असतं. आणि एकाच बाजूला खाचा असतील, मागची बाजू कोरी, तर ती फार जुनी धाटणी आहे, अंबालेवालींचा प्रश्नच येत नाही.